दोन गायी की चारशे गावरान? कर्जाचा आकडा सारखाच, पण हप्त्याचं गणित वेगळं

घरात एकाने म्हणायचं गायी घेऊ, दुसऱ्याने म्हणायचं त्यापेक्षा कोंबड्या बऱ्या, आणि बँकेत गेलं की साहेब दोन्हीला हो म्हणतात कारण दोन्ही पशुपालनातच येतं. दोन संकरित एचएफ गायी आणि चारशे सुधारित गावरान (कावेरी, गिरीराज, सातपुडा वगैरे) यांना लागणारा पैसाही साधारण सारखाच येतो, दीड ते पावणेदोन लाख. फरक आहे तो पैसा परत कधी येतो आणि जनावर मेलं तर काय होतं यात. बाकी जात कुठली, खाद्य कुठलं यावर भरपूर बोललं जातं, मी फक्त हप्ता आणि विमा घेतोय.

खाली जे दर धरलेत ते हिशोबासाठी. तुमच्या डेअरीचा आणि तुमच्या बाजाराचा दर टाकून परत मांडा.

आधी गायींचं बघू. गाय ८५ हजाराची धरली तर दोन गायी १ लाख ७० हजार, त्यात स्वतःचे २५ हजार घातले तर कर्ज १ लाख ४५ हजार. पाच वर्षं, ११ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ३,१५० हप्ता. दुधाचं पेमेंट बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी होतं, त्यामुळे संघ किंवा संस्थेने हमी दिली असेल तर बिलातूनच दर वेळी हजार-अकराशे कापून बँकेत जातात. ही पद्धत मला सगळ्यात आवडते कारण पैसा हातात येऊन मग हप्ता भरायचा म्हटलं की मध्ये लग्न येतं, दवाखाना येतो, आणि हप्ता राहतो.

आता एका गायीचं महिन्याचं. व्यायल्यानंतरच्या चांगल्या दिवसात सरासरी १२ लिटर, ३३ रुपये दर, म्हणजे ११,८८० रुपये. पशुखाद्य, थोडा विकतचा चारा, मिनरल मिक्स्चर, डॉक्टर मिळून सहा हजार धरा. उरले ५,९००. दोन्ही गायी दुधात असताना ११,८०० उरतात आणि हप्ता ३,१५०, एकदम आरामात. पण हेच चित्र बघून लोक दोन्ही गायी एकाच बाजारातून एकाच दिवशी घेऊन येतात, दोन्ही ताज्या व्यालेल्या, आणि तिथेच कर्ज अडकायला सुरुवात होते. कारण दोन्ही एकदमच आटतात. व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवावीच लागते, त्यात एखादी वेळेत माजावर आली नाही किंवा दोन-तीनदा भरवूनही उलटली तर भाकड काळ चार-पाच महिन्यांवर जातो, आणि भाकड गायसुद्धा महिन्याला तीनेक हजाराचं खाते. म्हणजे दोन्ही आटल्या की सहा हजार खाण्याचे आणि ३,१५० हप्त्याचे, असे महिन्याला नऊ हजारांच्या वर खिशातून. घरात पगार नसेल तर ते येणार कुठून?

एकच आटली तरी बघा, दुसरीचे ५,९०० मिळतात, आटलेलीचे तीन हजार जातात, उरले २,९००. हप्त्याला अडीचशे कमी पडतात. अडीचशे कुठूनही उभे राहतात, नऊ हजार नाही. म्हणून बँकेला सांगून दुसऱ्या गायीचा पैसा पाच-सहा महिन्यांनी उचलायचा. ही काही मेहेरबानी नाही, दोन टप्प्यात जनावरं घेणं हे दुग्ध प्रकल्पांच्या कर्जात पूर्वीपासून मान्य आहे, फक्त अर्ज करतानाच तसं लिहून द्यायचं. आणि दराचं म्हणाल तर २०२४ मध्ये गायीच्या दुधाचे दर इतके पडले होते की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. वरच्या हिशोबात ३३ च्या जागी २७ टाकून बघा, गायीमागे ३,७०० च्या आसपासच उरतात.

कोंबड्यांकडे येऊ. चारशे पक्ष्यांना मोकळंढाकळं ७०० चौरस फूट शेड, साध्या बांधणीचं धरलं तर लाखभर. एका बॅचला पिल्लं ३५ रुपयांनी १४ हजार, खाद्य पक्ष्यामागे सव्वातीन किलोच्या आत म्हणजे साधारण ४८-४९ हजार, लसी-औषधं दोन हजार, तूस, लाईट, ब्रूडिंग तीन हजार. एकूण ६८ हजार. म्हणजे शेड सोडलं तर सगळा खर्च हा खेळता पैसा आहे, आणि त्याला टर्म लोन नको, पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड पाहिजे. २०१९ पासून हे कार्ड पशुपालनालाही मिळतं, दोन लाखांपर्यंतच्या मर्यादेत व्याज ७ टक्के आणि वेळेवर भरलं तर ३ टक्के सूट म्हणजे ४ टक्के पडतं. दुधवाल्यांना याचा उपयोग चारा-खाद्यापुरता, कारण या कार्डावर गाय विकत घेता येत नाही. कोंबडीवाल्याचा मात्र जवळजवळ अख्खा धंदा यावर चालू शकतो, बॅच विकली की भरा, पुढच्या बॅचला परत उचला.

अडचण शेडच्या कर्जात आहे. लाखाला महिन्याचा हप्ता २,१७५ च्या आसपास, आकडा लहान वाटतो, पण कोंबडी विकायला ८०-८५ दिवस लागतात, मग शेड धुणं, चुना मारणं, रिकामं ठेवणं यात पंधरा दिवस, म्हणजे पैसा येतो शंभर दिवसांनी एकदा. आणि हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. म्हणजे बँकेने नेहमीच्या सवयीने महिन्याचा हप्ता लावला आणि तुम्ही पक्षी विकून भरू म्हणालात तर दर बॅचला एनपीएच्या दारात उभे. सिबिलची वाट लागते ती अशी, धंदा चांगला चालत असूनसुद्धा. तिमाही हप्ता मागा, आणि पहिला हप्ता पहिली बॅच विकल्यानंतरच पडेल असं मंजुरीपत्रात लिहून घ्या, तोंडी नको.

बॅचमध्ये उरतं किती? ८ टक्के मर धरली तर ३६८ पक्षी, सरासरी १.३ किलो, म्हणजे ४७८ किलो. व्यापाऱ्याला १७० ने दिले तर ८१ हजार, खर्च जाऊन १३ हजार उरतात आणि त्यातले सात हजार शेडच्या हप्त्याचे. हेच पक्षी आठवडे बाजारात किंवा ढाब्याला २३० ने गेले तर चाळीस हजारांच्या वर उरतात. म्हणजे कर्ज फिटणार की नाही हे विकणारा कोण यावर ठरतं. घरात बाजारात बसणारं कोणी नसेल तर गावरानच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत.

करारावरच्या ब्रॉयलरचं लोक विचारतात. तिथे पक्षी, खाद्य, औषध कंपनीचं, तुमचं शेड आणि मेहनत, दीड महिन्यात बॅच निघते, पण शेड मोठं लागतं आणि कर्जही बरंच मोठं. तिथे पक्ष्यांचा विमा हा तुमचा विषयच नाही कारण पक्षी तुमचे नाहीत, तुम्हाला विमा पाहिजे तो शेडचा, वादळ आणि आगीचा. तो वेगळा हिशोब आहे, इथे थांबतो.

विम्यात मात्र गाय स्पष्ट पुढे आहे. ८५ हजाराच्या गायीला ४ टक्क्यांनी वर्षाला ३,४०० प्रीमियम होतो. राष्ट्रीय पशुधन अभियानातून काढला तर २०२४ च्या बदलानंतर पशुपालकाचा वाटा १५ टक्केच, म्हणजे पाचशेच्या आसपास. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात योजना चालू आहे का ते कर्ज घेण्याआधी विचारा, कारण बँक बहुतेक वेळा स्वतःच्या ओळखीच्या कंपनीचा विमा काढून प्रीमियम कर्जातूनच कापते आणि नंतर तुम्हाला कळतं. पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, त्यामुळे गाय मेली तर दाव्याचा पैसा आधी कर्ज खात्यात जातो, उरला तर तुम्हाला.

दावे अडकतात ते बिल्ल्यावर. आमच्या जवळच्या वस्तीवर एकाची गाय रात्री गेली, पोस्टमॉर्टेम झालं, फोटो होते, सगळं होतं, आणि पॉलिसीवरचा बारा आकडी नंबर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याशी जुळेना, शेवटचे दोन आकडे उलटसुलट टाईप झालेले. दावा आठ महिने लोंबकळला. पॉलिसी हातात पडली त्याच दिवशी गोठ्यात जाऊन कानाजवळ धरून आकडा-आकडा जुळवा. बिल्ला तुटून पडला तर लगेच दवाखान्यात नवीन मारून कंपनीला लेखी कळवा, बिल्ला नाही तर दावा नाही. गाय मेली की २४ तासांच्या आत कळवायचं, बिल्ल्यासकट चेहऱ्याचा फोटो काढायचा आणि डॉक्टरांचं पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय पुरायची नाही. पॉलिसी निघाल्यावर पहिले पंधरा दिवस साधारणपणे आजाराने आलेला मृत्यू धरत नाहीत, आणि बाजारातून आणलेली गाय नेमकी त्याच दिवसात आजारी पडते, म्हणून उशीर नको.

एक गोष्ट नीट समजून घ्या, साधा विमा मेलेल्या जनावराचा असतो, दूध गेलेल्याचा नाही. मस्टायटीसने दोन सडं निकामी झाली, गाय जिवंत पण तीन लिटरवर आली, तर त्यात काहीच मिळत नाही. त्यासाठी कायम अपंगत्वाचं जादा कव्हर घ्यावं लागतं, प्रीमियम थोडा वाढतो, पण कर्जाच्या गायीला मी ते घेईनच.

चारशे कोंबड्यांना विमा द्यायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात. मिळालाच तर कळपाचा असतो, रोजची मर आणि खाद्य लिहिलेली वही मागतात, आणि नेहमीची ठराविक मर वजा करून त्याच्या वरचंच धरतात. मानमोडी (राणीखेत) आली आणि ८ च्या जागी २० टक्के मेली तर वरच्या हिशोबात उरतात दोन-तीन हजार, शेडच्या हप्त्यालाही पुरत नाहीत. त्यामुळे लासोटा आणि गंबोरोची लस वेळेवर टोचणं-पाजणं हाच तिथला खरा विमा. बर्ड फ्लूमध्ये सरकारी आदेशाने पक्षी मारले तर ठराविक दराने भरपाई मिळते, नवापूरला २००६ आणि २०२१ ला दोनदा हे झालं, पण आदेशाआधी आपोआप मेलेल्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून मर अचानक वाढली की लपवून पक्षी विकायच्या मागे न लागता लगेच दवाखान्याला कळवा. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेने चिकनचे भाव कोसळले होते, तसला तोटा कुठल्याच पॉलिसीत बसत नाही.

तर माझ्या हिशोबाने, स्वतःचा पंधरा-वीस गुंठे हिरवा चारा असेल, गावात दूध संकलन असेल आणि दोन्ही वेळ धार काढणारं माणूस घरात असेल तर गायी घ्या, पण दोन टप्प्यात. जमीन नसेल पण मोठा आठवडे बाजार जवळ असेल तर कोंबड्या, आणि त्याही पहिल्या बॅचला चारशे नाही, दीडशे टाका. कार्डाची मर्यादा पूर्ण मंजूर करून ठेवा पण उचला लागेल तेवढंच, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. आणि एका बॅचच्या खाद्याएवढा पैसा, चाळीस-पन्नास हजार, कार्डात न उचललेला ठेवता येत असेल तरच शेडचं कर्ज घ्या, नाहीतर जुन्या गोठ्यालाच जाळी मारून सुरू करा.