पाठीवर जाळी की पत्र्यात कॉइल? विदर्भातल्या घरासाठी फ्रिज निवडताना

फ्रिज घ्यायला गेलं की लिटर, स्टार आणि रंग यांवर भरपूर बोलणं होतं. आतली उष्णता घरात नेमकी कुठून बाहेर पडणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४४ अंशांवर असते, तेव्हा सगळा खेळ याच प्रश्नावर येतो. दुकानात फ्रिज थोडा पुढे ओढून मागे पाहा. काहींच्या पाठीवर काळी जाळी दिसेल. काहींची पाठ सपाट असते, त्यांची कॉइल डाव्या-उजव्या पत्र्याच्या आतून चिकटवलेली असते. दोन्हींत काम तेच होतं, पण आपल्या घरात ते सारखं होत नाही.

गॅसचा फेरा एकदा डोळ्यांसमोर आणू. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तोही जेमतेम ४० ते ६० ग्रॅम. कॅपिलरी नावाच्या, पाऊण मिलिमीटरच्या आसपास भोक असलेल्या लांब नळीतून तो द्रवरूपात फ्रीझरच्या कॉइलमध्ये येतो. तिथे दाब एकदम पडतो, द्रव उणे २० अंशांच्या आसपास उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता भाजीपाल्याकडून, दुधाकडून घेतो. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढतो, दाबतो आणि गरम करून बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे त्या जाळीत किंवा पत्र्यातल्या नळीत, ढकलतो. तिथे तिने खोलीला उष्णता द्यायची, पुन्हा द्रव व्हायचं आणि ओल शोषून घेणाऱ्या ड्रायरमधून परत कॅपिलरीत शिरायचं.

हा द्रव व्हायचा टप्पाच उन्हाळ्यात अडतो. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडेच जाते, म्हणून बाहेरची कॉइल खोलीपेक्षा गरम असावीच लागते. समजा, कॉम्प्रेसर ९० वॅट घेतो आणि आतून ११० वॅट उष्णता उचलतो. म्हणजे बाहेरच्या कॉइलला दोन्ही मिळून २०० वॅट खोलीत सोडायचे आहेत. त्यासाठी कॉइल खोलीहून १२ अंशांनी गरम राहावी लागते असं धरा. खोली ४४ वर, तर कॉइल ५६ वर. इतक्या तापमानाला आर-६००एचा दाब साधारण ८ बार असतो आणि कॉम्प्रेसर तो निभावून नेतो.

आता कॉइलचा अर्धा भाग झाकला गेला तर? तेवढेच २०० वॅट अर्ध्या जागेतून सोडायला फरक जवळजवळ दुप्पट लागतो. कॉइल ६८ अंशांकडे जाते आणि दाब १० बारच्या वर चढतो. प्रत्यक्षात चढ थोडा कमी असतो, कारण कॉइल तापली की तिच्यालगतची हवाही जोराने वर जाऊ लागते. तरी दिशा हीच. कॉम्प्रेसर जास्त दाबाविरुद्ध ढकलतो, वीज जास्त घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात उष्णता कमी उचलतो. मग तो बंदच होत नाही, किंवा फार तापला की ओव्हरलोड नावाचा छोटा स्विच टक करून त्याची वीज तोडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करतो. फ्रीझरमध्ये बर्फ तर असतो, पण खालच्या ट्रेमधली कोथिंबीर दुपारपर्यंत मलूल.

पत्र्यातल्या कॉइलवर माझी नाराजी इथेच आहे, आणि माझ्यासाठी निवड याच एका गोष्टीने ठरवली. या फ्रिजला दोन्ही बाजू मोकळ्या लागतात, किमान १० सेंटिमीटर. सांगायला सोपं आहे, पण खेड्यातल्या घरात त्या मोकळ्या राहत नाहीत. एका बाजूला भिंत किंवा लोखंडी कपाट असतं. दुसऱ्या बाजूला सोयाबीन निघालं की पोती, नंतर तुरीची पोती. मधल्या फटीत पोळपाट, सूप, घडीची खुर्ची. कुणी मुद्दाम करत नाही, जागा दिसली की सामान जातंच. एक बाजू झाकली गेली की अर्धी कॉइल गेली, म्हणजे वरचा ६८ अंशांचा हिशोब थेट आपल्या घरात. पाठीवरची जाळी असेल तर मागे ती हाताएवढी जागा आपोआप राहते, कारण फ्रिजच्या मागे कुणी पोतं ठेवू शकत नाही. दोन्ही बाजूंना पोती टेकली तरी जाळीचं काम चालू राहतं, फक्त मागून वर जाणाऱ्या हवेला वाट हवी.

आणखी एक फरक आहे, तो लहान वाटला तरी उन्हाळ्यात जाणवतो. पत्र्यातली कॉइल आणि आतला थंड कप्पा यांच्यामध्ये फक्त फोमचा थर असतो. आत ४ अंश आणि बाहेर ४४, म्हणजे ४० अंशांचा फरक. नळीलगतचा पत्रा ५६ वर गेला की तिथे फरक ५२ होतो. तेवढ्या भागातून परत आत झिरपणारी उष्णता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. बाहेर टाकलेल्यातला थोडा वाटा पुन्हा घरात घेतल्यासारखंच. जाळी कॅबिनेटपासून थोड्या अंतरावर लटकते, त्यामुळे तिथे हे पुष्कळ कमी होतं.

जाळीच्या विरुद्धही बोललं पाहिजे. तिच्यावर धूळ बसते, आणि आपल्याकडे धुळीपेक्षा वाईट कापसाचे तंतू. वेचणीनंतर कापूस घरात भरून ठेवला की ते तंतू तारांमध्ये अडकतात, वर फोडणीचा तेलकट धूर बसतो आणि वर्षभरात राखाडी चादरीसारखा थर तयार होतो. तो हवा अडवतो आणि जाळी असूनही झाकल्यासारखीच होते. होळीच्या सुमारास प्लग काढून, मऊ ब्रशने वरून खाली झाडली की काम झालं. वाकडी करायची नाही, पाणी मारायचं नाही. पत्र्यातल्या कॉइलला हा त्रास मुळीच नाही. पाठ सपाट असल्याने बहुतेक मॉडेल भिंतीला बरीच जवळ लावता येतात आणि मागे हात घालणाऱ्या लेकरांची काळजी नसते. ज्यांच्याकडे टाइल्सचं वेगळं स्वयंपाकघर आहे आणि फ्रिजच्या दोन्ही बाजू खरंच रिकाम्या राहणार आहेत, त्यांनी ती घेतली तर मी अडवणार नाही.

बिघाड ओळखायची वेळ आली की मात्र जाळी पुन्हा वरचढ ठरते. फ्रिज अर्धा तास चालू द्या आणि जाळीच्या नळीवरून हात फिरवा. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी इतकी गरम की हात ठेववत नाही. जाळीचे वरचे वेढे चांगले गरम, आणि मधले बरेच वेढे जवळजवळ एकाच तापमानाचे, कारण तिथे वाफेचा द्रव होतो आहे. शेवटचे खालचे वेढे थोडे निवलेले आणि तांब्याचा ड्रायर खोलीपेक्षा किंचित कोमट. असं लागलं तर गॅसचा फेरा नीट चालू आहे. सगळीच जाळी सारखी तापलेली असेल तर हवा अडली आहे, सफाई करा, मागची जागा पाहा. जाळी जेमतेम कोमट, कॉम्प्रेसर मात्र थांबत नाही आणि फ्रीझरमध्ये फक्त एका कोपऱ्यात बर्फ धरतो, तर गॅस कमी झाला आहे. ड्रायर खोलीपेक्षा थंड लागला किंवा त्यावर दव आलं, तर तो आतून चोंदत आला आहे. पत्र्यावर हात ठेवून एवढंच कळतं की बाजू गरम आहे. दरवाजाच्या चौकटीची कड गरम लागते, तिची चिंता दोन्ही प्रकारांत करू नका. दव धरू नये म्हणून तिथून गरम नळी मुद्दाम फिरवलेली असते.

गळतीचंही तेच. जाळीची नळी गंजून पिचली तर साबणाच्या फेसाने जागा सापडते, जोडता येते, नाहीतर नवी जाळी बसते. पत्र्यामागच्या नळीला फेस लावता येत नाही. मेकॅनिकला दाबाची बाजू वेगळी करून नायट्रोजन भरावा लागतो आणि रात्रभर दाब उतरतो का ते पाहावं लागतं. उतरला तरी नळी फोममध्ये असल्याने तिथे हात जात नाही. शेवटी आतली कॉइल सोडून देतात आणि पाठीवर बाहेरून जाळी लावतात. फ्रिज चालतो. पण त्यात चौकटीची नळीही तुटली असेल तर पावसाळ्यात दरवाजाच्या कडेला पाणी सुटतं. म्हणजे फिरून जाळीच पदरात पडली, वर एक दोष घेऊन.

गॅस भरायची वेळ कोणत्याही प्रकारात आली तर दोन गोष्टींवर अडून राहा. पहिली, गॅस तोच, जो फ्रिजवरच्या माहितीच्या पाटीवर लिहिला आहे. आर-६००एच्या जागी आर-१३४ए भरून दिला तर त्या कॉम्प्रेसरला तो झेपत नाही आणि मोटर जळते. दुसरी, गॅस वजनकाट्यावर मोजून. ४५ ग्रॅमच्या फ्रिजमध्ये ५ ग्रॅमचा फरकसुद्धा मोठा. नुसतं गेज बघून अंदाजाने भरणं इथे चालत नाही, कारण या गॅसमध्ये ओढणाऱ्या बाजूचा दाब चालू फ्रिजमध्ये हवेच्या दाबाहूनही कमी असतो, काटा शून्याच्या खाली जातो. त्या बाजूला बारीक भोक पडलं तर गॅस जाण्याआधी हवा आणि ओल आत ओढली जाते. ओल कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आणि फ्रिज थंड करता करता मधेच अडतो. गॅस पेटणारा आहे, म्हणून गॅस पूर्ण बाहेर सोडून, नळ्या नायट्रोजनने फुंकून आणि दारं-खिडक्या उघडूनच नळीला ज्योत लावू द्यावी.

जागा ठरवताना कूलरचा विचार जरूर करा. कूलर चालणाऱ्या खोलीत ३३-३४ अंश असतात, तर कॉइलही तेवढीच खाली, ४६ च्या आसपास. जाळीच्या फ्रिजला कूलरचा फवारा लागू देऊ नका, नळी गंजते; थंड हवेच्या वाटेत एका कडेला ठेवा. टिनाच्या छपराच्या, पश्चिमेचं ऊन घेणाऱ्या खोलीत दोन्हींपैकी कुठलाच सुखी राहत नाही. पाटीवर क्लायमेट क्लास पाहा, इंग्रजी टी असावा. तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो, म्हणजे आपला मे त्याच्याही पलीकडेच.

वीज गेली-आली तर तीन ते पाच मिनिटं थांबून चालू व्हावा, म्हणून वेळ लावणारा स्टॅबिलायझर घ्या. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचे दाब कॅपिलरीतून सारखे होतात. त्याआधी कॉम्प्रेसर उठत नाही, नुसता गुणगुणतो आणि तापतो. तापलेल्या, झाकलेल्या कॉइलचा दाब उतरायला आणखी वेळ लागतो.

जाळीचा घ्यायचं ठरलं तर एक गोष्ट घरी उतरवतानाच बघा. गाडीत आडवा किंवा पाठीवर टाकून आणलेल्या फ्रिजची जाळी दबते. नळी कॅबिनेटला किंवा शेजारच्या नळीला टेकली असेल तर चालू झाल्यावर खरखर येते आणि घासून घासून तिथेच भोक पडतं. बोटभर अंतर राहील इतकी हलक्या हाताने बाहेर ओढा, नळी मुडपली असेल तर फ्रिज घेऊच नका. आडवा आणला असेल तर उभा करून किमान चार-पाच तास तसाच राहू द्या, म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरतं. मगच प्लग लावा.