नाटा आणि जेईईच्या चित्रकलेसाठी वापरलेली पेटी: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आर्किटेक्चर प्रवेशाच्या तयारीत माझ्याकडे जमलेल्या सामानाबद्दल लिहिते आहे. चोवीस रंगीत पेन्सिलींचा डबा, बारा ऑइल पेस्टल, एचबीपासून सिक्स-बीपर्यंतच्या पेन्सिली, दोन प्रकारचे खोडरबर आणि पंधरा सेंटिमीटरची पट्टी, एवढंच. कुठल्या कंपनीचं काय चांगलं हे मी सांगणार नाही, कारण मधल्या दर्जाच्या कुठल्याही डब्यांमध्ये परीक्षेपुरता फरक फारसा नसतो. खरा फरक पडतो तो एका मिनिटात किती कागद भरून होतो, यात. दुकानात हे कोणी सांगत नाही.

आधी वेळेचं गणित. नाटाचा भाग अ 2024 पासून कागदावर होतो, 90 मिनिटांचा आणि 80 गुणांचा. त्यात पहिला प्रश्न रंगसंयोजनाचा 25 गुणांना, दुसरा काळ्या-पांढऱ्या रेखाटनाचा 25 गुणांना आणि तिसरा, दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना करण्याचा, 30 गुणांना. गुणांच्या प्रमाणात वेळ वाटला तर पहिल्या दोघांना 28-28 मिनिटं येतात आणि तिसऱ्याला 34. मी 25, 25 आणि 30 असं धरायचे आणि दहा मिनिटं हातात ठेवायचे. तिसऱ्या प्रश्नाला ही रंगपेटी लागतच नाही, म्हणून त्याबद्दल इथे काही नाही.

जेईई मेनच्या पेपर 2अ मध्ये चित्रकलेचे दोन प्रश्न, 400 पैकी 100 गुण, आणि गणित व अ‍ॅप्टिट्यूड धरून एकूण तीन तास. तिथे जलरंगांना स्पष्ट मनाई आहे. रंगीत पेन्सिली किंवा क्रेयॉन आणि भूमितीची पेटी स्वतःची न्यायची. नाटालाही रंग कोरडेच. म्हणजे ब्रश, पाणी, पोस्टर कलर हे सगळं घरी. स्केचपेनही मी सरावातून लवकरच काढून टाकले. त्यांची शाई ओली असते, पातळ कागदाच्या मागे उमटते आणि एका रंगातून दुसरी छटा काढताच येत नाही.

आता मूळ मुद्दा. ए4 कागदाचं क्षेत्रफळ साधारण 624 चौरस सेंटिमीटर. मी 10 बाय 10 सेंटिमीटरचे चौकोन आखून घड्याळ लावून रंगवले. रंगीत पेन्सिलीने दोन थर देऊन, मधे पांढरे ठिपके न राहता, एकसारखा रंग यायला मला चार मिनिटं लागली. ऑइल पेस्टलने तोच चौकोन एका मिनिटात भरला. म्हणजे अख्खी शीट पेन्सिलीने भरायची ठरवली तर नुसत्या रंगालाच 25 मिनिटं जातात, प्रश्न वाचणं आणि रचना वेगळीच. प्रत्येकाचा हात वेगळा, तेव्हा तुमचे आकडे वेगळे येतील. पण ते काढून ठेवा. ‘वेळ पुरत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांची अडचण रेषेत नसते, या गुणाकारात असते.

मग सगळं पेस्टलनेच का नाही? कारण पेस्टलची कडा जाड येते. तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक काही काढायला गेलं की ते लोण्यासारखं पसरतं. त्यावर पेन्सिल घसरते, रेष धरत नाही. तळहात टेकला की डाग, आणि उत्तरपत्रिका मिटली की समोरच्या पानावर ठसा. साधे मेणाचे क्रेयॉन याहून कडक असतात आणि स्वच्छही राहतात, पण त्यांचा रंग फिका बसतो आणि एकावर एक थर चढत नाहीत. सॉफ्ट पेस्टल दिसायला सुंदर असतात, मात्र त्यांची भुकटी धरून ठेवायला फवारा लागतो आणि तो परीक्षेच्या खोलीत मारता येणार नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने ते बाद.

म्हणून दोन्ही एकत्र वापरायची पद्धत बसवावी लागली. ती एका सराव प्रश्नावरून सांगते. आमच्या सरांनी दिलेला प्रश्न असा होता: तीन वर्तुळं, चार त्रिकोण आणि हवे तितके आयत वापरून ‘गर्दी’ सुचवणारी रचना करा, रंग तीनच, त्यांच्या छटा चालतील. वेळ 25 मिनिटं.

पहिली दोन मिनिटं प्रश्न वाचून त्यातल्या अटींखाली रेघा मारण्यात. पुढची चार मिनिटं काडेपेटीएवढ्या तीन-चार कच्च्या रचनांसाठी. त्यातली जी निवडली तिच्यात आकार उजवीकडे खाली दाटीने रचलेले होते, एक मोठं वर्तुळ कागदाच्या कडेने कापलेलं आणि डावीकडची वरची बाजू मोकळी. गर्दी दाखवायला मोकळी जागा लागते, नाहीतर सगळा कागद सारखाच भरलेला वाटतो आणि नजर कुठे थांबतच नाही. वेळेचाही फायदा होतो. साधारण 200 चौरस सेंटिमीटर कागद तसाच पांढरा राहिला, तो रंगवावा लागला नाही.

रेषांना पाच मिनिटं, एचबीने, अगदी हलक्या हाताने. इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. पिवळ्या किंवा नारिंगी रंगाखाली शिशाची रेष राहिली तर ती रंगात मिसळून मळकट हिरवट डाग देते, आणि रंग चढल्यावर ती खोडता येत नाही. म्हणून रंगाआधी मऊ, मळता येणारा खोडरबर रेषेवर नुसता दाबून उचलायचा. घासायचा नाही, कारण घासलेल्या जागी कागदाचे तंतू उठतात आणि रंग तिथे गडद बसतो.

नंतर रंगाची बारा मिनिटं. मोठा गडद निळा भाग 200 चौरस सेंटिमीटरचा होता, तो पेस्टलचा. उरलेले नारिंगी-पिवळे लहान आकार मिळून सुमारे 220, ते पेन्सिलीचे. म्हणजे दोन मिनिटं अधिक नऊ मिनिटं. क्रम मात्र उलटा: पेन्सिल आधी, पेस्टल शेवटी. निळ्या भागाच्या कडेलाही आधी निळ्या पेन्सिलीने तीनेक मिलिमीटरची पट्टी भरून घ्यायची आणि मग आतला भाग पेस्टलने. कडा धारदार राहते आणि जोड दिसत नाही. यासाठी आपल्या डब्यातली कुठली पेन्सिल कुठल्या पेस्टलशी जुळते हे आधीच तपासून दोघांवर चिकटपट्टीची खूण करून ठेवायची. माझ्या बारा पेस्टलपैकी पाचांनाच जुळती पेन्सिल सापडली. मी रंग निवडायचे ते बहुतेक त्या पाचांतून. उरलेली दोन मिनिटं कडा साफ करायला.

आता शीट कशी तपासली जाते. नाटाच्या माहितीपुस्तिकेत काय पाहणार ते थोडक्यात दिलेलं असतं: रंगाच्या प्रश्नात दिलेल्या परिस्थितीला साजेशी रचना करणं किंवा दिलेले आकार नव्याने मांडून रंगवणं, काळ्या-पांढऱ्या प्रश्नात प्रमाण, पोत, छाया आणि पडछाया यांची समज. कुठल्या गोष्टीला नेमके किती गुण हे जाहीर नसतं, तेव्हा ‘छायेला पाच, कल्पनेला दहा’ असे छातीठोकपणे सांगणारे तक्ते मी बाजूला ठेवले. त्याऐवजी आम्ही चौघांनी ‘गर्दी’च्या शीट नाव झाकून टेबलावर मांडल्या आणि प्रश्न न वाचलेल्या एकाला बोलावलं.

एका शीटवर रंगकाम सगळ्यांत सुबक होतं, सगळं पेन्सिलीने, पण डावा तिसरा भाग कोरा राहिलेला. तो मोकळा सोडलेला नव्हता, अर्धवट होता, आणि ते लगेच कळत होतं, कारण आकार रेखून ठेवलेले होते. दुसऱ्या शीटवर त्रिकोण पाच निघाले. काढले होते चारच, पण दोन त्रिकोण एकमेकांवर आल्याने मधे नवा त्रिकोण तयार झाला आणि त्याला वेगळा रंग दिला गेला. अट मोडली असं तपासणारा म्हणू शकतो. आकार एकमेकांवर आणायचे असतील तर अशी मोजणी करून बघायला अर्धं मिनिट लागतं. तिसऱ्या शीटमध्ये निळा आणि नारिंगी सारख्याच गडदपणाचे होते. जवळून रंग वेगळे, तीन पावलं मागे गेलं की सगळा गोळा. डोळे अर्धवट मिटून पाहिलं की हे बसल्या जागी कळतं. त्यावर उपाय म्हणजे एक रंग ठरवून फिका ठेवणं. माझ्या शीटला आमचा पाहुणा ‘बाजार’ म्हणाला, ते चालण्यासारखं होतं. पण निळ्यावर माझ्या करंगळीचा ठसा त्याने पहिल्यांदा दाखवला. तेव्हापासून हाताखाली कोरा कागद ठेवायची सवय लागली. परीक्षेत स्वतःचा कागद नेऊ देतील असं धरू नका, उजव्या हाताने काढणाऱ्याने रंग डावीकडून उजवीकडे नेला तरी पुष्कळ वाचतं.

काळ्या-पांढऱ्या पेन्सिलींबद्दल थोडंच. टू-बी आणि फोर-बी यांनी माझं जवळजवळ सगळं काम झालं. सिक्स-बी गुळगुळीत कागदावर दाबली की शिसं चमकतं, आणि तिरक्या उजेडात सर्वांत गडद म्हणून केलेली सावली उलट उजळ दिसते. सरावाला नेहमी खरखरीत कार्ट्रिज कागद वापरणाऱ्यांना हे परीक्षेतच पहिल्यांदा दिसतं, म्हणून साध्या गुळगुळीत ए4 वरही सराव हवा. प्रत्येक प्रकारच्या दोन-तीन पेन्सिली टोक करून न्या, शार्पनर फक्त आणीबाणीला. पंधरा सेंटिमीटरची पट्टी कागदाच्या लांबीला निम्मीच पडते. लांब रेष दोनदा सरकवून काढली की मधे हलकासा कोन येतो, तेव्हा मोठ्या रेषा मोकळ्या हाताने काढायला शिकलेलं बरं.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर चोवीस रंगांचा डबा घेणार नाही. बारा पुरतात, फक्त पिवळा आणि गडद निळा जास्तीचा, कारण तेच आधी संपले. पेस्टल बाराच, पण थोडे जाड. आणि पेटी भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून साहित्याची यादी पाहा. नाटाची रचना गेल्या काही वर्षांत बदललेली आहे आणि वरच्या वर्गातल्यांची यादी तुम्हाला लागू पडेलच असं नाही.