गुणोत्तर ठेवावे की गटनिहाय आकडे? वैद्यकीय सारांशातील निष्कर्ष आखडताना

संशोधन-निबंधाच्या सारांशातील निष्कर्षांचा परिच्छेद दोन ओळींत बसवायचा असेल, तर नमुन्याचा आकार आणि मुख्य परिणाम ठेवावेत, याबद्दल सहसा दुमत नसते. प्रश्न येतो तो ते कोणत्या रूपात ठेवावेत याचा. एका पद्धतीत एकूण रुग्णसंख्या एकदा सांगून परिणाम गुणोत्तराने दिला जातो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक गटात किती रुग्ण होते आणि त्यांपैकी किती जणांच्या बाबतीत ती घटना घडली, हे सरळ लिहिले जाते. डॉक्टरांसाठी निघणाऱ्या एका मासिक पत्रकाकरिता मी असे संक्षेप करतो आणि दोन्ही पद्धती पुरेशा वापरून झाल्यावर माझा कल दुसरीकडे झुकला आहे. मात्र पहिली पद्धत टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही.

उदाहरण म्हणून ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा डेक्सामेथासोनविषयीचा सारांश घेऊ. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांवरील ही चाचणी २०२० मध्ये गाजली, आणि तिचे आकडे या तुलनेला फार उपयोगी पडतात. पहिल्या पद्धतीने तिचा संक्षेप असा होईल: “६,४२५ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे २८ दिवसांतील मृत्यूचा दर नियमित उपचारांच्या तुलनेत घटला, वयानुसार समायोजित दर-गुणोत्तर ०.८३, ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.७५ ते ०.९३.” दुसऱ्या पद्धतीने तोच असा: “डेक्सामेथासोन मिळालेल्या २,१०४ पैकी ४८२ (२२.९ टक्के), तर केवळ नियमित उपचार मिळालेल्या ४,३२१ पैकी १,११० (२५.७ टक्के) रुग्ण २८ दिवसांत दगावले.” शब्दसंख्येत दोहोंमध्ये फारसा फरक नाही, त्यामुळे जागेच्या कारणावरून निवड करता येत नाही.

माझ्यापुरता निर्णय एका सततच्या त्रासाने केला. गुणोत्तर छापले की पुढचा माणूस त्याचे टक्के करतो. ०.८३ चे “मृत्यू १७ टक्क्यांनी घटले” होते, आणि त्यापुढच्या बैठकीत कोणीतरी शंभर रुग्णांमागे सतरा जण वाचले अशा समजुतीने बोलू लागतो. छापलेल्या आकड्यांत मात्र हा फरक शंभरामागे सुमारे तीन आहे. बोलणारा निष्काळजी असतो असे नाही. शंभरातले किती जण मुळात दगावत होते, हेच संक्षेपात नसल्यामुळे त्याच्यापाशी तपासायला काही उरलेले नसते. पहिल्या वाक्यातून २५.७ हा आकडा कोणत्याही युक्तीने परत मिळवता येत नाही. ६,४२५ या बेरजेचेही तसेच आहे. वाचक ती मनातल्या मनात अर्धी-अर्धी वाटतो, आणि या चाचणीत तर नियमित उपचारांचा गट दुसऱ्या गटाच्या दुपटीहूनही मोठा होता, कारण विभागणीच त्या प्रमाणात ठरवलेली होती.

एकूण आकडा निवडतानाही घोटाळा होऊ शकतो. याच निबंधात ११,३०३ हीसुद्धा संख्या येते, पण ती त्या काळात चाचणीत दाखल झालेल्या सगळ्या रुग्णांची आहे, आणि त्यांतले अनेक जण इतर औषधांच्या गटांत होते. मोठा आकडा भारदस्त दिसतो म्हणून तो उचलला गेल्याचे मी पाहिले आहे. गटनिहाय लिहिण्याची सवय असली तर हा घोटाळा सहसा होत नाही, कारण प्रत्येक अंशाखाली त्याचाच छेद लिहावा लागतो. पुढे मुद्रितशोधनातही याचा फायदा होतो. ४८२ ला २,१०४ ने भागून २२.९ टक्के येतात की नाही, हे कोणालाही अर्ध्या मिनिटात पाहता येते, आणि एखादा अंक इकडचा तिकडे झाला असेल तर तो तिथेच सापडतो.

आता दुसऱ्या पद्धतीतले उणे. कच्च्या टक्क्यांचा भागाकार करून पाहिला, म्हणजे २२.९ भागिले २५.७, तर उत्तर ०.८९ येते, ०.८३ नव्हे. डेक्सामेथासोन गटातील रुग्णांचे सरासरी वय १.१ वर्षांनी अधिक होते, आणि कोविडमध्ये वयाचा मृत्यूशी इतका निकटचा संबंध आहे की एवढ्याशा तफावतीनेही औषधाचा परिणाम फिका दिसतो. म्हणून संशोधकांनी वयाचा हिशेब धरून गुणोत्तर काढले. केवळ गटनिहाय आकडे ठेवणारा संक्षेप येथे औषधाला थोडे कमी श्रेय देतो, आणि चौकस वाचकाला मूळ निबंधाशी विसंगती दिसते. त्यामुळे समायोजित गुणोत्तर कच्च्या प्रमाणाहून वेगळे असेल, तिथे मी ते आकड्यांच्या मागे जोडतो, आणि त्याआधी “वयानुसार समायोजित” हे दोन शब्द कधीही गाळत नाही.

परिणाम आढळला नाही अशा चाचण्यांमध्ये पहिल्या पद्धतीची बाजू अधिक भक्कम होते. रक्तद्रव उपचारांविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घेतलेल्या ‘प्लॅसिड’ चाचणीत २३५ पैकी ४४ आणि २२९ पैकी ४१ रुग्णांचा आजार तीव्र झाला किंवा त्यांचा मृत्यू झाला. आकडे इतके जवळचे आहेत की वाचक “काहीच फरक नाही” असे म्हणून मोकळा होतो. जोखीम-गुणोत्तर १.०४ आणि त्याचे अंतराल ०.७१ ते १.५४ असे दिले, तर बऱ्यापैकी फायदा किंवा बराच अपाय यांपैकी कोणतीच शक्यता ४६४ रुग्णांच्या या चाचणीने पूर्णपणे निकालात काढलेली नाही, हे कळते. अशा ठिकाणी अंतराल गाळणे मला योग्य वाटत नाही.

तरीही वजन गटनिहाय आकड्यांकडेच जाते, याला ‘रिकव्हरी’तच आणखी एक कारण आहे. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्या रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन गटात ५०१ पैकी ८९ (१७.८ टक्के), तर दुसऱ्या गटात १,०३४ पैकी १४५ (१४ टक्के) दगावले, व्हेंटिलेटरवरील रुग्णांमध्ये मात्र हेच आकडे ३२४ पैकी ९५ (२९.३ टक्के) आणि ६८३ पैकी २८३ (४१.४ टक्के) होते. प्राणवायू न लागणाऱ्यांमधील वाढ योगायोगाची असू शकते, कारण तिथल्या गुणोत्तराच्या अंतरालात १ येतो. पण त्या रुग्णांना फायदा दिसला नाही एवढे नक्की, आणि घरी बसलेल्या सौम्य रुग्णाला स्टेरॉइड लिहून देण्यापूर्वी डॉक्टरला हेच कळायला हवे. जागा असेल तर मुख्य आकड्यांनंतर मी हे एक वाक्य घेतो आणि त्यासाठी पी-मूल्य व दुय्यम निष्कर्ष बिनदिक्कत काढतो. मुख्य परिणामाच्या जागी मात्र व्हेंटिलेटरचे आकडे बसवू नयेत, ते कितीही ठसठशीत असले तरी. ते एकूण ६,४२५ पैकी जेमतेम हजार रुग्णांचे आहेत.

जिथे रुग्णांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे आणि कमीअधिक काळ झालेला असतो, अशा कर्करोग किंवा हृदयविकाराच्या अभ्यासांत माझी पसंती बदलते. तिथे “इतक्यांपैकी इतके” हे प्रमाण प्रत्येकाचा काळ सारखा धरते, म्हणून ठरावीक मुदतीचे अंदाजित प्रमाण, उदाहरणार्थ पाच वर्षांचे, सारांशात दिलेले असेल तर मी ते दोन्ही गटांच्या संख्येसह घेतो, आणि ते नसेल तर गुणोत्तर व त्याचे अंतराल पुढे ठेवतो.