गिटार अ‍ॅम्पचा आवाज बसतोय आणि दुकानदार म्हणतो 'आयसी गेली'? आधी हे वाचा

अ‍ॅम्पचा आवाज मध्येच निम्म्यावर येत असेल, खरखरत असेल आणि तारेवर जोरात स्ट्रोक मारला की पुन्हा पूर्ववत होत असेल, तर दुकानात जाण्याआधी एक साधी केबल हाताशी ठेवा. माझ्याकडून याच लक्षणावर 3,800 रुपये उकळले गेले.

आमच्या रत्नागिरीकडची खारी, दमट हवा धातूला काय करते ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा अ‍ॅम्प पावसाळाभर झाकून ठेवलेला होता. गणपतीत कार्यक्रमाला काढला आणि हा प्रकार सुरू झाला. दुकानदाराने वाजवून बघितलं आणि लगेच निदान केलं, "पॉवर आयसी उडालीय, बोर्डावरचं काम आहे." अ‍ॅम्प परत मिळाला तेव्हा ठणठणीत वाजत होता. जुनी आयसी मागितली तर "कचऱ्यात गेली हो" म्हणाला. दिवाळीच्या आत पुन्हा तेच रडगाणं.

मग चिपळूणच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी अ‍ॅम्प न उघडता, बाहेरचे इफेक्ट जोडण्यासाठी मागे असलेल्या सेंड आणि रिटर्न या दोन सॉकेटमध्ये एक छोटी केबल जोडली. आवाज एकदम भरून आला.

"आयसी गेली असती तर केबलने आवाज आला असता का?" काका म्हणाले.

त्याचं कारण असं. रिटर्नच्या सॉकेटमध्ये पिन नसते तेव्हा आतली पत्ती दुसऱ्या एका पत्तीला टेकलेली असते आणि सगळा आवाज त्या टेकण्यातूनच पुढे जातो. पिन घातली की पत्ती उचलली जाते आणि आवाज केबलमधून पुढे जातो. बहुतेक लोक त्या सॉकेटला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत, त्यामुळे टेकलेल्या जागी ऑक्साइडचा थर चढतो. जोराचा सिग्नल तो थर क्षणभर भेदतो, म्हणून स्ट्रोकने आवाज परत येतो.

काकांनी मग मागचं कव्हर काढलं. बोर्डावरच्या आयसीचे टाके कंपनीचेच होते, हात लागल्याची खूण नव्हती. सॉकेट मात्र आतून तेलकट होता आणि त्यावर धूळ चिकटलेली होती. गंजलेल्या नटबोल्टवर मारतात तो स्प्रे मारून दुकानदाराने माझ्याकडून आयसीचे पैसे घेतले होते! असा स्प्रे मारून पिन आतबाहेर केली की काही दिवस चालतं, पण मागे राहिलेलं तेल धूळ धरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. डब्यावर 'प्लॅस्टिकला सुरक्षित' लिहिलंय ना, ते बघून घ्या. गाडीचा कार्ब्युरेटर क्लीनर चुकूनही नको, तो सॉकेटचं प्लॅस्टिक खातो.

साफ करण्याची त्यांची रीत घरीही जमण्यासारखी आहे. प्लग भिंतीतून काढायचा. क्लीनरची नळी सॉकेटच्या तोंडात घालून अगदी थोडा फवारा द्यायचा, पिन दहा-पंधरा वेळा आतबाहेर करायची, पुसायची आणि पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायचं नाही. एवढ्याने भागलं नाही तर क्लीनरमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी दोन पत्त्यांच्या मध्ये ओढायची. पण त्यासाठी अ‍ॅम्प उघडावा लागतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा धोक्याचा दाब राहू शकतो, म्हणून ते जाणकारालाच करू द्या. माझ्या सॉकेटमधून ती पट्टी काळीकुट्ट होऊन निघाली. पॉलिश पेपर मात्र लावायचा नाही. पत्तीवरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात आणखी वेगाने गंज चढतो.

मल्टिमीटरवर साफ करण्याआधी त्या पत्त्यांमधला रोध हजारो ओहम दाखवत होता, नंतर एक ओहमच्या खाली आला. सॉकेट वाचला.

पुढचा इनपुट सॉकेट मात्र वाचला नाही. तोही तसाच साफ केला, पण पिन हलवली की मीटरचा आकडा उड्या मारत होता. पिन बसताना 'टक्' असा आवाज नव्हता, ती सैल लोंबत होती, म्हणजे पत्तीचा ताणच गेला होता. वर हिरवट गंजाने खड्डे पडलेले. अशा पत्तीला क्लीनर काही करू शकत नाही. वाकवून ताण आणला तरी तो टिकत नाही. सॉकेटचं अंग तडकलेलं असेल तरी बदलायचाच. फक्त बोर्डावरचा टाका तडकला असेल तर पुन्हा डाग दिला की पुरतं, नवीन सॉकेट कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

नवा सॉकेट, मजुरी धरून काकांनी 350 रुपये घेतले आणि जुना सॉकेट पुडीत बांधून हातात दिला.

पहिल्या दुकानात जाब विचारायला गेलो तेव्हा त्याने शांतपणे माझंच बिल माझ्यासमोर धरलं. त्यावर आयसीचा नंबर नाही, भागाचं नाव नाही, नुसतं 'सर्व्हिसिंग चार्जेस'. तक्रार करायला हातात काहीच नव्हतं. म्हणून दुरुस्तीला टाकतानाच सांगा की बदललेल्या भागाचं नाव बिलावर लिहा आणि जुना भाग परत द्या. दुकानदाराने टाळाटाळ केली, तर अ‍ॅम्प तिथे ठेवूच नका.