परीक्षेआधीचा प्रार्थना-अभ्यास व्हिडिओ, सहा महिने रोज लावल्यानंतर

लेक दहावीला. गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून आम्ही हा व्हिडिओ लावायला घेतला, तो थेट मार्चमध्ये शेवटचा पेपर होईपर्यंत. तिला किती टक्के पडले ते मुद्दाम लिहीत नाही. टक्क्यांचं श्रेय व्हिडिओला देणं मला पटत नाही आणि व्हिडिओतही तसं कुठं म्हटलेलं नाही. मी निवडला तो त्याचसाठी. शोधायला बसलं की ‘हा मंत्र ऐका, पेपर सोपा जाईल’ असलंच जास्त समोर येतं.

व्हिडिओ चौदा मिनिटांचा आहे. समईची एक ज्योत दिसते आणि एका बाईंचा संथ आवाज. आधी संकटनाशन गणपती स्तोत्रातली बारा नावं, तीन वेळा. मग तीनेक मिनिटं श्वास: चार आकडे घेताना, सहा आकडे सोडताना. मग त्या थोडं बोलतात: वही मिटा, कोरा कागद घ्या, काल जे वाचलं त्यातलं आठवेल तेवढं लिहा. त्यानंतर पाच मिनिटं पूर्ण शांतता. शेवटी घंटेचा एक टोल, आणि ‘आता जे आठवलं नाही तिथून सुरुवात करा’.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी चूक काढली. “अगं, हे स्तोत्र अर्धंच म्हणतायत की!” त्यांचं बरोबर होतं. आठ श्लोकांचं हे स्तोत्र. वक्रतुंडापासून गजाननापर्यंतची नावं चौथ्या श्लोकात संपतात आणि पुढं फलश्रुती येते. विद्यार्थ्याला विद्या मिळेल, धनार्थ्याला धन मिळेल, सहा महिने जप केला की फळ मिळेल आणि वर्षभरात सिद्धी, यात संशय नाही, असं तिच्यात स्पष्ट आहे. व्हिडिओत तेवढाच भाग नाही. मला ते शहाणपणाचं वाटलं, सासूबाईंना अपशकुनाचं. मी म्हटलं, सहा महिन्यांत फळ म्हणजे बरोबर बोर्डाचा पेपर, उगाच पोरीच्या डोक्यात हिशेब नको. त्या म्हणाल्या, “त्यात विद्या म्हटलंय, मार्क कुठं म्हटलेत?” यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी उरलेले श्लोक त्या संध्याकाळी देवापाशी स्वतः म्हणायला लागल्या आणि तो विषय मिटला.

पहिले पंधरा दिवस खरं सांगायचं तर वाया गेले. डोळे मिटून श्वास मोजताना लेक पेंगायची. सकाळी साडेपाचला उठवून लगेच डोळे मिटायला लावलं तर दुसरं काय होणार! मग तोंड धुऊन, चहा पिऊन, खुर्चीवर ताठ बसून आणि डोळे उघडे ठेवून चालू केलं. सर्दी झाली की सहा आकड्यांचा उच्छ्वास जमायचा नाही, मग ती सरळ चारच मोजायची. दुसरी अडचण मोबाईलची. एकदा घंटा वाजली आणि पाठोपाठ दुसराच व्हिडिओ आपोआप सुरू झाला. अर्ध्या तासानं मी डोकावले तर बाईसाहेब केकचं आयसिंग बघतायत. त्या दिवसापासून व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवायचा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि पालथा ठेवायचा. ज्योत दिसली नाही म्हणून काही बिघडलं नाही.

पण या व्हिडिओत खरा जीव आहे तो कोऱ्या कागदात. नोव्हेंबरमधला एक दिवस सांगते. विज्ञान भाग एकमधला भिंगांचा धडा तिनं तीनदा वाचला होता आणि “झाला गं आई” म्हणून मोकळी झाली होती. सकाळी कागदावर तिनं सूत्र बरोबर लिहिलं, 1/v − 1/u = 1/f. बहिर्वक्र भिंगाची आकृतीही काढली. मग पुस्तकातल्यासारखं एक गणित स्वतःच घातलं: नाभीय अंतर 20 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर. उत्तर काढलं 12 सेंमी. तिला काही खटकलं नाही. पण खाली तिनंच लिहिलं होतं की वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये असेल तर प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे पडते. म्हणजे 40 च्या पुढं. मग 12 कसं? एकाच कागदावर दोन ओळी एकमेकींशी भांडत होत्या. पुस्तक उघडल्यावर घोळ सापडला. वस्तू भिंगाच्या डाव्या बाजूला असते म्हणून u ऋण धरायचं, उणे 30. तिनं अधिक 30 धरलं होतं. चिन्ह बदललं की 1/v = 1/20 − 1/30, म्हणजे 1/60, आणि प्रतिमा 60 सेंमीवर. वाचताना तो चिन्हांचा संकेत दर वेळी डोळ्यांखालून गेला होता. समोर दिसतंय ते ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंच असं आपण धरून चालतो. पुस्तक मिटलं की कळतं.

तेव्हापासून ती कागदावर न आठवलेल्या जागी लाल पेनानं एक छोटा गोल करायची आणि अभ्यास त्या गोलापासून सुरू व्हायचा. इतिहासाला पाच मिनिटं पुरतात. भूमितीला अजिबात पुरत नाहीत, एक सिद्धता अर्धी होते न होते तोच घंटा वाजते. भूमितीच्या दिवशी आम्ही तिथं व्हिडिओ थांबवून ओट्यावरचा टायमर बारा मिनिटांवर लावायचो.

आता तक्रार, आणि ती निम्मी माझ्यावरच आहे. जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या दिवशी पहाटे लाईट गेली, फोनची बॅटरी संपलेली. व्हिडिओ लागला नाही. लेक रडकुंडीला आली, “आजच राहिला, आता पेपर जाणार.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले चार महिने मीच रोज “व्हिडिओ लावलास ना?” असं विचारून त्याचा ताईत करून ठेवला होता. व्हिडिओत कसलंच वचन नव्हतं, ते मी माझ्या सुरात घातलं होतं. मेणबत्ती लावून आम्ही दोघींनी तोंडानं बारा नावं म्हटली. मला नववं आठवेना, तिनं सांगितलं, “भालचंद्र.” मग दहा श्वास घेतले आणि तिला डबा दिला. त्या दिवशी कागद वगैरे काही नाही.

त्यानंतर मी विचारणं बंद केलं. आठवड्यातून दोन दिवस ती व्हिडिओशिवायच बसायला लागली, मग चार दिवस. बोर्डाची परीक्षा सुरू झाली तेव्हा ती परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्याउभ्या नावं पुटपुटायची. आजूबाजूची मुलं शेवटच्या क्षणी गाईड उलटत असायची, तिची वही दप्तरात. छातीत धडधडायचं ते काही थांबलं नाही, असं ती सांगते. पहिला प्रश्न वाचताना हात थरथरायचाच, फक्त आधी आसन क्रमांक लिहिताना थोडा सावकाश चालायचा.

ज्या मुलांना रात्र रात्र झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्यांच्या आईवडिलांनी यावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावं. ज्यांच्या घरी गणपतीची नावं चालत नाहीत त्यांनी आपापली प्रार्थना घालावी, कागदाच्या भागाला काही फरक पडत नाही. बनवणाऱ्या बाईंना माझी एकच विनंती आहे, शांततेचा भाग पाच आणि बारा मिनिटं असा दोन प्रकारांत द्या.

लाल गोलांचे कागद मी रद्दीत घालणार होते. लेकीनं ते क्लिप लावून ठेवलेत, अकरावीला विज्ञान घेतलंय म्हणून.