मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या: भांडं बदलायचं, आतून पुसायचं, की मायका शीट नवी टाकायची?

मायक्रोवेव्हमध्ये चट चट आवाज येऊन ठिणग्या उडाल्या की लोक दोन टोकं गाठतात. एकतर घाबरून मशीनच काढून टाकायला निघतात, नाहीतर "थोडंसंच होतंय" म्हणून तसंच वापरत राहतात. दोन्ही नको. कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: भांड्यावरचं किंवा आत राहिलेलं मेटल, भिंतीवर जळून चिकटलेलं अन्न, किंवा आतल्या भिंतीवरचं वेव्हगाइड कव्हर, म्हणजे ती मायका शीट, खराब झालेलं. तिघांचे उपाय वेगळे आहेत आणि खर्चही वेगळा, म्हणून आधी आपलं कोणतं ते ओळखायचं आणि मग ठरवायचं.

पहिली गोष्ट, ठिणगी दिसली की लगेच बंद करा, नंतर प्लगही काढा. आत ज्वाळा दिसत असेल तर दार उघडू नका, बंदच ठेवा, मेन स्विच बंद करा आणि विझेपर्यंत थांबा, कारण दार उघडलं की ताजी हवा मिळते.

आता ठिणगी नेमकी कुठे उडाली ते आठवा. हे सगळ्यात जास्त कामाचं आहे, रंग आणि आवाजापेक्षाही. भांड्याच्या कडेला उडाली आणि भांडं फिरतं तशी तीही फिरत होती, तर दोष भांड्याचा. भांडं फिरतंय पण ठिणगी एकाच जागी, तर भिंत किंवा कव्हर. आणि ती जागा आतल्या भिंतीवरच्या, बहुतेक मॉडेल्समध्ये उजवीकडच्या, त्या पत्त्याएवढ्या करड्या-तपकिरी चौकोनावर असेल तर पुढचं नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

मेटलचं आधी उरकून टाकू. पुष्कळांना प्रश्न पडतो की आतल्या भिंती तर पत्र्याच्याच आहेत, मग तिथे ठिणग्या का नाहीत? कारण त्या गुळगुळीत, सलग आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. ठिणगी उडते ती टोकावर, कडेवर आणि फटीत, जिथे वीज एका बिंदूपाशी दाटते. म्हणून काट्याची टोकं, चुरगळलेली फॉइल आणि प्लेटवरची सोनेरी किंवा चंदेरी किनार यांचा त्रास. ती किनार अगदी पातळ थर असते, घासून घासून मध्ये मध्ये तुटलेली असते आणि त्या तुटीवरून ठिणगी उडी मारते. उपाय एकच, ती प्लेट मायक्रोवेव्हमध्ये वापरायची नाही. कन्व्हेक्शनवाल्या मशीनचा जाळीचा स्टँड मायक्रो मोडवर चुकून आत राहतो तोही बघून घ्या, तो भिंतीला टेकला की हमखास ठिणग्या. भांडं बदलल्यावर सगळं शांत झालं तरी मशीनमध्ये काळा डाग पडलाय का तेवढं एकदा तपासा, पडला नसेल तर विषय संपला.

आता उरले दोन, आणि खरी निवड इथे आहे, कारण घाण आणि खराब कव्हर हे बरेचदा एकाच जागी सापडतात आणि एकातूनच दुसरं होतं.

ते चौकोनी कव्हर म्हणजे बहुतेक मशीन्समध्ये अभ्रकाची पातळ शीट, दुकानात मायका शीट म्हणून मिळते. त्याच्यामागे वेव्हगाइड म्हणजे पत्र्याची नळी असते, आणि तिच्या टोकाला मॅग्नेट्रॉन, जिथे लहरी तयार होतात. मायका लहरींना अडवत नाही, त्या आरपार जातात. ती अडवते तेलाची वाफ, शिंतोडे आणि कण. त्यामुळे "कव्हर गेलं म्हणजे रेडिएशन बाहेर येणार" ही भीती चुकीची आहे, बाहेरची गळती दार आणि त्याची जाळी रोखते. पण "मग कव्हर काढूनच टाकू, तसंही चालतंय" हेही चुकीचं! काही दिवस चालतं हे खरंय आणि त्यामुळेच माणूस फसतो, पण तेवढ्या दिवसांत वाफ आणि तेल सरळ वेव्हगाइडमध्ये जाऊन बसतात आणि मग ठिणग्या मॅग्नेट्रॉनच्या तोंडापाशी उडायला लागतात. काही जण तर नवीन मशीन घेतल्यावर ही शीट पॅकिंगचा पुठ्ठा समजून उपटतात, कृपा करून तसं करू नका.

कव्हर खराब होतं कसं? त्यावर तेलकट शिंतोडा बसतो, दर वेळी गरम होतो, तपकिरी होतो आणि एक दिवस त्याचा कोळसा होतो. अन्न ओलं असताना लहरी त्यातल्या पाण्यात जिरतात, पण कोळसा वीज वाहून नेतो, म्हणून तो ठिपका स्वतःच भट्टी बनतो, तिथून ठिणगी उडते, ठिणगीने आजूबाजूचं जळतं आणि ठिपका वाढतो. म्हणजे हे आपोआप बरं होणारं नाही, दर वापराला वाढणारं आहे.

मग पुसून भागेल की शीट बदलायची? प्लग काढा, मशीन गार होऊ द्या आणि कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ कपड्याने डाग पुसा. तारेची घासणी वापरू नका, तिचे कण आत राहिले तर तेही मेटलच. इथे एक गोष्ट लोक विसरतात: वाटीभर पाणी मशीनमध्ये उकळून वाफेने डाग मोकळे करायची युक्ती चांगली आहे, पण ठिणग्या उडत असताना नाही, कारण त्यासाठी तेच मशीन चालवावं लागतं. पाणी गॅसवर उकळा, वाटी आत ठेवा आणि दार बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेवढी वाफ पुरते. मायका पाण्यात बुडवू नका, ती पाणी शोषते आणि तिचे पापुद्रे सुटतात. पुसून झाल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या.

डाग निघाला, खाली शीटचा मूळ रंग दिसला, बोट फिरवून गुळगुळीत लागलं, तर पुसणं पुरेसं. पण डाग काळाच राहिला, बोटाला काळं लागतंय, शीटला फोड आलाय, पापुद्रे सुटलेत, कोपरा जळालाय किंवा भोक पडलंय, यातलं काहीही एक असलं तर घासत बसू नका, शीट बदला. कोळसा अभ्रकाच्या थरांमध्ये शिरलेला असतो, वरून कितीही घासलं तरी आतला राहतो आणि पुढच्याच वापरात परत ठिणगी.

एक केस सांगते, म्हणजे क्रम लक्षात येईल. आमच्या शेजारच्या काकूंच्या मशीनमध्ये झाकण न ठेवता तेलकट भाजी गरम करायची सवय होती आणि एक दिवस ठिणग्या सुरू झाल्या. त्यांनी सोनेरी किनारीच्या प्लेटवर संशय घेतला, साधी काचेची प्लेट ठेवली, तरी उजव्या भिंतीवर त्याच जागी पिवळट ठिणगी. म्हणजे प्लेट सुटली. मग पुसलं, आजूबाजूचे तेलाचे डाग गेले, पण शीटच्या खालच्या कोपऱ्यात नाण्याएवढा काळा ठिपका तसाच राहिला आणि नखाने पापुद्रा निघाला. तिथेच निर्णय झाला. शीट एका प्लॅस्टिकच्या क्लिपवर होती, ती काढून मागे टॉर्च मारला तर पत्रा स्वच्छ, रंग शाबूत. जुनी शीट नव्या मायकावर ठेवून पेन्सिलने आखली, साध्या कात्रीने कापली, कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, क्लिपचं भोकही करून घेतलं. मायका दुमडायची नाही, तडकते. जुनी फास्टनिंग जशी होती तशीच ठेवायची, प्लॅस्टिकच्या क्लिपच्या जागी स्वतःच्या डोक्याने मेटलचा स्क्रू लावायचा नाही. आणि मायकाच्या जागी पुठ्ठा, डब्याचं प्लॅस्टिक किंवा फॉइल असलं काही लावायचं नाही. तुमचं कव्हर मायकाचं नसून साच्यातलं प्लॅस्टिकचं असेल तर ते कापून होत नाही, मॉडेल नंबर देऊन तेच मागवा.

नंतरची टेस्ट महत्त्वाची. काचेची फिरती प्लेट जागेवर, वर मायक्रोवेव्हला चालणारा एक कप, त्यात साधारण २५० मिली पाणी, दुसरं काही नाही. फुल पॉवरवर एक मिनिट लावा आणि दारातून बघत उभे राहा. रिकामं मशीन चालवून टेस्ट करू नका, लहरींना जिरायला काही मिळत नाही आणि मॅग्नेट्रॉनवर ताण येतो. शांत चाललं तर काम झालं.

आता आणखी एक शक्यता, म्हणजे शीट काढल्यावर मागे काय दिसतं. तोंडाच्या पत्र्याचा रंग उडून गंज दिसतोय आणि ठिणगी तिथून येतेय, तर गंज हलका घासून मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठी मिळणारा खास रंग लावता येतो, साधा ऑइल पेंट नको. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर मशीन वापरायचं थांबवा. आणि वेव्हगाइडच्या आत मॅग्नेट्रॉनची चकचकीत टोपी दिसत असेल (सगळ्या मॉडेल्समध्ये दिसत नाही) आणि ती काळी, वितळलेली किंवा भोक पडलेली असेल, तर नवी शीट एकटी काही करू शकत नाही, काही दिवसांत तीही जळेल. नवी शीट लावूनही टेस्टमध्ये त्याच जागी ठिणगी आली तर संशय तिथेच घ्यायचा.

इथून पुढचं काम मेकॅनिकचं, आणि हे मी मनापासून सांगते. आतली शीट आतूनच निघते, बाहेरची बॉडी उघडावी लागत नाही, म्हणून ते घरी करता येतं. बॉडीच्या आत मात्र हाय व्होल्टेज कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो आणि त्याचा शॉक जीव घेऊ शकतो. आत काहीच दिसत नाही पण मोठी घरघर येतेय आणि पाणी गरम होत नाही, तेव्हाही दोष बहुधा त्याच भागात असतो, बॉडी उघडायला जाऊ नका.

मेकॅनिकने मॅग्नेट्रॉन बदलायला सांगितला तर आधी वॉरंटी बघा, काही कंपन्या मॅग्नेट्रॉनची वेगळी, जास्त वर्षांची देतात. ती संपली असेल आणि मशीन साधं, फक्त गरम करायचं असेल, तर पार्ट आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर माझं मत नवीन घ्या. कन्व्हेक्शनवालं किंवा कपाटात बसवलेलं महाग मशीन असेल, आतला पत्रा शाबूत असेल आणि दार नीट बंद होत असेल, तर दुरुस्ती परवडते, फक्त त्याच वेळी मायका शीटही नवीन टाकून घ्या, जुनी परत बसवू देऊ नका.