‘टोन जुळत नाही’ म्हणून नाकारलेली माझी स्क्रिप्ट यूट्यूबवर सापडली

मी बेळगावात शहापूरला राहते. दिवसा एका दुकानाचे हिशेब लिहिते आणि रात्री दुसऱ्यांच्या यूट्यूब चॅनेलसाठी मराठी स्क्रिप्ट लिहिते. हे काम करणारी पोरं-पोरी आता आपल्याकडं खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत आहेत. बहुतेकांना काम व्हॉट्सअॅपवरच मिळतं, समोरच्याचं तोंडही दिसत नाही. माझ्या बाबतीत जे घडलं त्यात पैसे फार गेले नाहीत, पण पद्धत इतकी सफाईदार होती की ती नीट सांगायला हवी.

दिवाळीनंतर एकाचा मेसेज आला. पुण्याकडचा, इतिहासाचं चॅनेल चालवणारा, बोलायला अगदी गोड. “ताई, सीमाभागाच्या इतिहासावर दहा भागांची मालिका करायचीय. तिथलंच माणूस पाहिजे. आधी एक ट्रायल लिहून द्या, टोन जुळतोय का बघू.” ट्रायलचे पैसे नाहीत. विषय हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर. मी हलशीला लहानपणापासून जाते, त्यामुळं हो म्हणाले.

टोन जुळवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. मी त्याचे तीन व्हिडिओ ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढले. सव्वाआठ मिनिटांच्या एका व्हिडिओत साधारण हजार पन्नास शब्द, म्हणजे मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. तो ‘मित्रांनो’ कधीच म्हणत नाही. सुरुवात प्रश्नानं करतो, दीड-दोन मिनिटांनी “मग झालं काय?” म्हणून थांबतो आणि वाक्य आठ-नऊ शब्दांपुढं गेलं की त्याचा श्वास तुटतो. हे वहीत मांडून घेतलं की त्या माणसाच्या तोंडी बसेल असं लिहिता येतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओला साडेबाराशे शब्द लागतात आणि ते लिहायला चार तास पुरतात. पण त्याआधी पाच तास शोधाशोध असते आणि नंतर दोन तास दुरुस्त्या. असे अकरा तास धरून मी दहा मिनिटांच्या स्क्रिप्टला पंधराशे रुपये घेत होते.

ट्रायल त्याला ‘जबरदस्त’ वाटली. दहाचं काम एकदम आहे म्हणून दर हजारावर आणला. मी मान्य केलं. “प्रत्येक स्क्रिप्ट पास झाली की त्याच दिवशी पैसे,” हे त्यानं लिहून दिलं आणि मला तेवढ्यानं बरं वाटलं. ‘पास झाली की’ या तीन शब्दांकडं मी लक्षच दिलं नाही. कोण पास करणार, कशावरून, किती दिवसांत, काहीच ठरलं नव्हतं.

दुसरी अट त्यानं सहज घातली. “ताई, स्क्रिप्ट आमच्या फोल्डरमध्येच लिहा, म्हणजे आमची टीम सोबत बघत राहील.” त्यानं स्वतःच्या ड्राइव्हमध्ये रिकामे डॉक तयार केले आणि मला एडिटची परवानगी दिली. मी थेट तिथं टाइप करायला लागले. सोयीचंच वाटलं.

पहिल्या दोन स्क्रिप्टचे पैसे खरंच त्याच दिवशी आले. एक १९२४ च्या बेळगाव अधिवेशनावर होती. गांधीजी अध्यक्ष झालेलं काँग्रेसचं ते एकमेव अधिवेशन, आणि त्या वेळी खोदलेली विहीर आजही टिळकवाडीत काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. दुसरी येळ्ळूरच्या राजहंसगडावर. एक-एक हजार रुपये यूपीआयवर आले, वर अंगठ्याचा इमोजी. माझा सगळा संशय तिथंच संपला. आज कळतं, ते दोन हजार रुपये म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं.

त्यानंतर त्यानं पाच विषय एकदम दिले. नंदगड आणि संगोळ्ळी रायण्णा, भीमगड, गोकाकचा धबधबा, बेळगाव किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर आणि निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन. महिन्यात संपवायचे.

नंदगडला मी रविवारी बसनं गेले. रायण्णाच्या समाधीजवळचा वड बघितला, तिथल्या एका आजींशी बोलले. निपाणीला आत्याच्या ओळखीनं एक म्हातारे शेतकरी भेटले. महामार्ग अडवला तेव्हा ते स्वतः रस्त्यावर होते. ते म्हणाले, “बैलं सोडली आन् जू रस्त्यावर आडवं टाकलं. म्हटलं, आता हितंच नांगरतो.” हे वाक्य मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि स्क्रिप्टची सुरुवात त्यावरूनच केली. पुण्याच्या माणसाला कानडी नावं उच्चारता येणार नाहीत म्हणून प्रत्येक नावापुढं कंसात उच्चार दिला, ‘संगोळ्ळी, संगोली नव्हे’ असा.

रायण्णाच्या स्क्रिप्टमध्ये माझ्याकडून एक चूक झाली. इंग्रजांनी रायण्णाला पकडलं ते साल १८३० आणि नंदगडला फाशी दिली ते जानेवारी १८३१ चं. मी फाशीलाही १८३० लिहून गेले. दोन दिवसांनी लक्षात आलं तेव्हा डॉक उघडला, पण माझी एडिट परवानगी काढून फक्त बघण्यापुरती ठेवली होती. “टीमनं वाचायला घेतलंय, मधे बदल नको म्हणून लॉक केलंय,” असं तो म्हणाला. म्हणून मी व्हॉट्सअॅपवर कळवलं, “दुसऱ्या पानावर फाशीचं साल १८३० आहे, ते १८३१ करा.” त्यावर निळ्या टिका आल्या.

पुढचा आठवडा शांततेत गेला. मग त्याचा व्हॉइस मेसेज आला. आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. “ताई, राग मानू नका. पाचही स्क्रिप्ट टीमला पटल्या नाहीत. माहिती चांगली आहे, पण टोन जुळत नाही. भाषा जरा बेळगावी वाटते.” मी विचारलं, कुठलं वाक्य? एक तरी दाखवा, बदलून देते. तर म्हणाला, “एकेक वाक्य असं नाही हो सांगता येत, फील येत नाही.” संध्याकाळपर्यंत डॉक उघडायचे बंद झाले. स्क्रीनवर परवानगी मागायचं पान यायला लागलं.

आता अडचण अशी की डॉक त्याच्या मालकीचा. कोणी काय, कधी टाइप केलं ते दाखवणारी व्हर्जन हिस्ट्रीही त्याच्याकडंच. माझ्या लॅपटॉपवर पाच स्क्रिप्टपैकी एकीचीही प्रत नव्हती. वहीतली टिपणं, निपाणीचं रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सअॅप, एवढंच हातात उरलं. पण खरं सांगते, तेव्हा मला ही चोरी वाटलीच नव्हती. मी स्वतःवरच चिडले होते. दोन आठवडे माझी भाषा खरंच गावंढळ आहे का, म्हणून जुनी वाक्यं वाचत बसले. ‘टोन’ ही सबब किती सोयीची आहे बघा. माहिती चुकली असेल तर दाखवावी लागते, शब्द जास्त झाले तर मोजता येतात, पण टोनला ना माप ना पुरावा, आणि लिहिणारा आपली चूक निमूटपणे कबूल करतो.

मार्चमध्ये मामेभावानं लिंक पाठवली. “आक्का, आपल्या नंदगडवर व्हिडिओ आलाय बघ.” चॅनेल वेगळं, निवेदक वेगळा. पहिला प्रश्न ऐकला आणि पोटात गोळा आला. माझंच वाक्य. आणि सहाव्या मिनिटाला तो ठामपणे म्हणाला, रायण्णाला १८३० साली फाशी झाली. मी कळवलेली दुरुस्ती केलीच नव्हती. ‘संगोळ्ळी’ मात्र अगदी बरोबर उच्चारलं होतं.

त्याच चॅनेलवर बाकीचे चार विषयही होते. निपाणीच्या व्हिडिओत म्हाताऱ्यांचं ते जुवाचं वाक्य जसंच्या तसं, फक्त ‘हितंच’चं ‘इथंच’ केलेलं. गोकाक, भीमगड आणि कमल बस्ती मात्र शब्द फिरवून लिहून घेतले होते. क्रम माझा, वाक्यं दुसऱ्याची.

त्याला मेसेज केला तर आधी “ते चॅनेल आमचं नाही” आणि मग ब्लॉक. मग एका ओळखीच्या वकील वहिनींकडं गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या लिहिणाऱ्यांनी ऐकाव्यात. एक, तुम्ही पगारी नोकर नसाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लिखाणाचे पहिले मालक तुम्हीच, आणि सही केलेल्या लेखी कागदाशिवाय मालकी दुसऱ्याकडं जात नाही. डॉक कुणाच्या ड्राइव्हमध्ये आहे यानं मालकी बदलत नाही, फक्त सिद्ध करणं अवघड होतं. दोन, हक्क शब्दांवर असतो, माहितीवर नाही. म्हणून शब्द फिरवलेल्या तीन व्हिडिओंवर दावा टिकणं कठीण.

उरलेल्या दोन्ही व्हिडिओंवर मी यूट्यूबच्या कॉपीराइट फॉर्ममधून तक्रार केली. १८३० च्या चुकीचा तारखेसह मेसेज आणि निपाणीचं रेकॉर्डिंग, दोन्हीचा उल्लेख केला. तक्रारीत खरं नाव द्यावं लागतं आणि ते समोरच्यापर्यंत पोहोचतं, त्याचीही तयारी ठेवली. समोरच्यानं उलट दावा केला की ठरलेल्या मुदतीत कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर व्हिडिओ परत येतो. पाच हजारांसाठी मी कोर्टात गेले नसते. पण उलट दावा आलाच नाही आणि दोन्ही व्हिडिओ उतरले. पैसे अर्थातच आले नाहीत.

माझी चूक झाली नसती तर नंदगडचा व्हिडिओही माझ्या हातून गेला असता. हे आठवलं की मला अजून हसू येतं, जरा कडवट.

आता मी स्वतःच्या ड्राइव्हमध्ये लिहिते. समोरच्याला फक्त बघायची परवानगी देते आणि डाउनलोड-कॉपी बंद ठेवते. स्क्रीनशॉट कोणी थांबवू शकत नाही, पण व्हर्जन हिस्ट्री माझ्याकडं राहते. ट्रायल म्हणजे पहिल्या दोन मिनिटांचे अडीचशे शब्द, त्याचे तीनशे रुपये. ते पूर्ण स्क्रिप्टच्या पैशात वळते होतात. दर पुन्हा पंधराशे, निम्मे आधी. टोन नाही जुळला तर वाक्यं दाखवायची, दोनदा दुरुस्त करून देते. त्यानंतर नको असेल तर आगाऊ रक्कम परत मिळत नाही आणि स्क्रिप्ट वापरायचा हक्क पूर्ण पैसे आल्यावरच मिळतो. हे सगळं आठ ओळींत टाइप करून पाठवते आणि समोरच्याचं ‘मान्य’ आल्याशिवाय वही उघडत नाही.

मागच्या आठवड्यात एकाचा मेसेज आला. सौंदत्तीच्या यल्लम्मावर स्क्रिप्ट पाहिजे होती. “ताई, आधी एक छोटीशी ट्रायल, आमच्याच फोल्डरमध्ये.” मी आठ ओळी पाठवल्या. निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही.